निळ्या उजेडाचं कॅप्शन

अहमदपूरच्या एसटी स्टँडजवळच्या गल्लीत शरणप्पांचं मॅचिंग सेंटर आहे. साडीवर ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, दोरा. त्यांची मुलगी स्वप्नाली त्या दुकानातच वाढली. शाळा सुटली की दप्तर गल्ल्याखाली सरकवायचं आणि अप्पांच्या हाताखाली उभं राहायचं. एखादी बाई साडी घेऊन आली की अप्पा गठ्ठ्यातून चार पीस ओढून काढायचे, साडीच्या काठाशी धरायचे आणि म्हणायचे, “उन्हात जाऊन बघा बाई. हितली ट्यूब खोटं बोलते.” बाई पायरीवर जाऊन बघायची. आत जांभळा वाटलेला पीस बाहेर वांगी रंगाचा निघायचा.

पुढे स्वप्नाली नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकली. घरातली पहिली इंजिनिअर. पुण्याच्या कंपन्यांना अर्ज करत ती घरी बसली होती, तेव्हा मेन रोडवरच्या फोटो स्टुडिओचा मालक अमरेश एक दिवस अस्तर घ्यायला दुकानात आला. त्याच्या स्टुडिओचं इन्स्टाग्रामवर पान होतं. फोटो चांगले असायचे आणि प्रत्येक फोटोखाली एकच वाक्य असायचं, ‘नवीन जोडप्यास हार्दिक शुभेच्छा’, पुढे सात-आठ गुलाब. अमरेश मोबाईलमध्ये काहीतरी दाखवत होता. स्वप्नाली म्हणाली, “दादा, हा फोटो पहाटेचा आहे. धुकं आहे. जोडपं पाठमोरं आहे. एवढ्या शांत फोटोखाली तुम्ही बँड लावलाय.”

“मग तू लिही की,” अमरेश म्हणाला. “इंजिनिअर लोकं रिकामेच हायत सध्या.”

तिनं लिहिलं, ‘पाणी अजून जागं झालं नाही. हळू बोल.’ विष्णुपुरीच्या धरणाजवळचा फोटो होता तो. त्या जोडप्यानं अमरेशला फोन करून विचारलं, हे कुणी लिहिलं म्हणून. तिथून तिचं काम सुरू झालं.

तिची एक पद्धत होती. फोटो उघडला की ती आधी माणसांकडे बघायचीच नाही. डोळे बारीक करायची, म्हणजे चेहरे पुसट व्हायचे आणि नुसते रंगाचे डाग उरायचे. डाग पिवळे-केशरी आहेत की निळे-करडे, उजेड कुठून येतो, सावल्या लांब आहेत की पायाशी गोळा झाल्यात, सावलीची कड धारदार आहे की विरघळलेली, एवढं बघून ती आवाज ठरवायची. संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तर वाक्य लांब, सावकाश, मागं वळून बघणारं. भर दुपारचं ऊन असेल तर गावाकडची बोली आणि चेष्टा, कारण त्या उन्हात माणसं डोळे बारीक करून उभी असतात आणि तिथं कविता शोभत नाही. मंगल कार्यालयाच्या झगमगाटात नावं, नाती आणि गोंधळ. पावसाची काच असेल तर तुटक वाक्यं, वर्तमानकाळ, मध्ये मोकळी जागा आणि एकही इमोजी नाही.

अमरेश तिला चिडवायचा. “मॅडम, हा पेट्रोल पंपाच्या उद्घाटनाचा फोटो हाय. याचा आवाज कसा हाय?”

“बाराचं ऊन, झेंडूच्या माळा, पुढाऱ्यांच्या टोप्या,” ती म्हणायची. “याचा आवाज घसा बसलेल्या माईकसारखा आहे.” आणि खरंच तसं लिहायची. लोक हसायचे, फोटो पुढे पाठवायचे. लातूरहून, उदगीरहून स्टुडिओला फोन येऊ लागले. पुण्याला अर्ज करणं तिनं थांबवलं.

उज्वला त्याच सुमाराला आली. नवरा भागवत एसटी डेपोत मेकॅनिक, घर डेपोच्या मागच्या वस्तीत. उज्वला आणि तिची सासू केवळाबाई मिळून येसर करायच्या. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाला भाजून दळलेलं हे पीठ. आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत त्याचीच आमटी असते. भाजणं केवळाबाईचं, दळणं आणि विकणं उज्वलाचं. पाकिटावर नाव ‘केवळाबाईचा येसर’. उज्वलाला त्याचं पान सुरू करायचं होतं.

“आत्याबाईचा फोटो पाहिजे,” ती म्हणाली. “भाजताना. पण त्या बोलत राहतात. तोंड उघडं येतं.”

अमरेश कॅमेरा घेऊन गेला. स्वप्नाली त्या दिवशी गेली नाही. दुकानात सणाची गर्दी होती, अप्पांना माणूस हवं होतं. ती घरोघर जायची नाहीच फारशी. फोटो यायचे, ती लिहायची.

चुलीवरचे फोटो आले. कढई, धूर, उलथणं धरलेला केवळाबाईचा काळा हात. दारातून आलेलं ऊन धुरात पट्ट्यासारखं उतरलेलं. स्वप्नालीनं त्यांना मायेचा, जाडाभरडा आवाज दिला आणि उज्वलाला तो आवडला. त्या ढिगातच शेवटी एक वेगळा फोटो होता. केवळाबाई खिडकीशी बसलेली. काचेवर थेंब. बाहेरचा रस्ता ओला आणि अस्पष्ट. सगळ्या फोटोवर निळसर करडा रंग. चेहऱ्याची एक बाजू उजेडात, दुसरी अंधारात. हात मांडीवर पडलेले, मोकळे.

“हा काढायचा नव्हता,” अमरेश म्हणाला. “पाऊस आला म्हणून थांबलो होतो. पण जमलाय. आपल्या स्टुडिओच्या पानावर टाकू. याला तुझा पावसाचा आवाज लाव.”

स्वप्नालीनं डोळे बारीक केले. निळा, करडा, काळा. मऊ सावली. खिडकीच्या चौकटीच्या उभ्या रेघा. तिला फार शोधावं लागलं नाही. तिनं लिहिलं:

‘काचेवर पाऊस.
काचेआड मी.
रस्ता ओला. रिकामा.
कुणी येईल.
पाऊस थांबला की.’

तिनं ते उज्वलाला पाठवलं. उज्वला तेव्हा पाकिटं सील करत होती. तिनं फोटो बघितला, वरवर वाचलं आणि लिहिलं, ‘लई छान.’

फोटो लोकांनी उचलून धरला. स्टुडिओच्या पानावरचा तो सगळ्यात जास्त पाहिलेला फोटो ठरला. नांदेडच्या एका ग्रुपवर गेला, लातूरच्या दोन-तीन ग्रुपवर गेला. कुणीतरी खालचं स्टुडिओचं नाव कापून टाकलं, ओळी तशाच ठेवल्या. मग कुणीतरी वर स्वतःचं वाक्य चिकटवलं, ‘म्हातारपणी आई नको होते का?’ आणि असाच तो केवळाबाईच्या गावच्या ग्रुपवर पोचला. तिथं केवळाबाईला ओळखायला नावाची गरज नव्हती.

गाव अहमदपूरपासून जीपच्या रस्त्यावर. तिथं केवळाबाईचा मोठा मुलगा भुजंग शेती बघतो. धाकट्या भागवतकडं केवळाबाई राहत होती ती आपल्या मर्जीनं, कारण उज्वलाशी तिचं भांडण चांगलं जमायचं. पण पारावर बसलेल्या माणसांना हे कशाला माहीत असेल? त्यांना खिडकी दिसली, पाऊस दिसला आणि ‘कुणी येईल’ हे शब्द दिसले. पोरगा घरात, सून घरात, मग म्हातारी कुणाची वाट बघून राहिली? मसाला विकायला म्हातारीला राबवायचं आणि काम झालं की खिडकीत बसवायचं, असंच की.

बाजाराच्या दिवशी भुजंग आणि त्याची बायको उज्वलाच्या दारात आले.

हे सगळं स्वप्नालीला कळलं ते उज्वला स्टुडिओत आली तेव्हा. तिच्या हातात पाकिटांची पिशवी नव्हती. ती खुर्चीवर बसली नाही.

“ते खिडकीचं तुम्ही लिहिलं?”

“हाव,” स्वप्नाली म्हणाली. “लोकांना फार आवडलंय, वहिनी.”

“आत्याबाई असं कधी बोलल्या?”

स्वप्नालीला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, “ते फोटोवरून लिहिलंय. म्हणजे, पावसाची काच होती ना, तर तसा आवाज.”

“‘मी’ म्हणून लिहिलंय तुम्ही. ‘काचेआड मी.’ वाचणाऱ्यानं काय समजायचं? आत्याबाईनंच सांगितलं असं समजायचं.” उज्वलाचा आवाज चढला नव्हता. “मोठे भावजी येऊन घेऊन गेले त्यांना. म्हणले, गावात लोक मला इचारून राहिले, तुझ्या आईला कोण येईना का म्हणून. आमचे हे तापले. न्या म्हणले, खुशाल न्या, आम्ही लई छळलं. दोघा भावांत बोलणंच राहिलं न्हाई. आत्याबाईला कुणी इचारलंच न्हाई. त्या पिशवी भरताना म्हणून राहिल्या होत्या, अगं बाजरी भाजायची राहिली.”

अमरेश मध्ये पडला. “वहिनी, आम्ही पोस्ट काढून टाकतो आत्ताच.”

“आता काढून?” उज्वला म्हणाली. “लोकांच्या मोबाईलमधून पण काढता का?”

ती गेली. अमरेशनं पोस्ट काढली. स्वप्नाली कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. मग म्हणाली, “दादा, त्या खिडकीचा मूळ फोटो दाखवा. कॅमेऱ्यातून आला तसा.”

तिनं इतक्या दिवसांत मूळ फोटो कधी मागितलाच नव्हता. अमरेश रंग बसवून द्यायचा, ती त्या रंगाला आवाज बसवायची.

अमरेशनं फाईल उघडली. दुपारचे चार वाजले असतील, बाहेर ढग, आत बल्ब लावलेला. खिडकीकडून थंड, निळा उजेड आणि आतून बल्बचा केशरी. दोन्ही एकाच चेहऱ्यावर. अमरेशनं रंगाचं तापमान ओढून निळ्याकडं नेलं होतं आणि केशरी रंग जवळजवळ पुसून टाकला होता, म्हणून आतला उजेड काळोखासारखा दिसत होता. मूळ फोटोत भिंत गुलाबी होती. पडदा हळदीच्या रंगाचा होता. आणि फोटो उजवीकडं बराच रुंद होता. तिथं उज्वला स्टुलावर बसली होती, तेलाची बाटली गुडघ्यांत धरून, दोन्ही हात सासूच्या केसांत.

“हिला का कापलं?” स्वप्नालीनं विचारलं.

“तिचा चेहरा हललेला होता. अन् एकट्या माणसाचा फोटो बरा दिसतो पावसात.” अमरेश पुढे म्हणाला, “मी फोटो जमवला अन् तू कॅप्शन जमवलंस. दोघांचं मॅचिंग एकदम बरोबर होतं.”

त्याला टोमणा मारायचा नव्हता. तरी तिला तो लागला.

मूळ फोटो तिनं पानावर टाकला. न कापलेला, रंग न बदललेला. खाली लिहिलं की मागचा फोटो रंग बदलून आणि कापून टाकलेला होता, त्यातले शब्द केवळाबाईंचे नव्हते, ते स्टुडिओत लिहिलेले होते, आणि त्या दुपारी त्यांची सून त्यांच्या डोक्याला तेल लावत होती. हे लिहिताना तिनं कोणताही आवाज शोधला नाही. थोड्याच लोकांनी तो बघितला. एकानं खाली लिहिलं, ‘पहिला फोटो भारी होता. यात फील नाही.’

ती उज्वलाकडं गेली. चला, आपण दोघी गावाकडं जाऊ, मी सगळ्यांसमोर सांगते, म्हणाली. उज्वला कढईसमोर बसली होती. बाजरी एका बाजूनं करपली होती.

“मी न्हाई येणार,” ती म्हणाली. “मी गेले तर म्हणतील म्हातारीच्या हातचं कामाला पाहिजे म्हणून न्यायला आली. तुम्ही जा जायचं तर. पण मी पाठवलं म्हणू नका.”

स्वप्नाली एकटी गेली. जीपमधून उतरली तेव्हा ऊन कलायला वेळ होता. भुजंगचं घर रस्त्याला लागूनच. ओसरीवर नवी बाज टाकलेली, तिच्यावर धुतलेली चादर, आणि त्यावर केवळाबाई बसलेली, देवघरातल्या मूर्तीसारखी. स्वप्नालीनं तिला पहिल्यांदाच समोर बघितलं. फोटोतल्यापेक्षा ती बुटकी होती आणि खूप बोलत होती. अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांना शिव्या देत होती.

“तूच का ती लिहिणारी?” ओळख सांगितल्यावर केवळाबाई म्हणाली. “ये, बस. माझ्या नातीनं मला वाचून दाखवलं. लई दुःखी लिहिलंस गं माय. मलाच रडू आलं त्या म्हातारीचं.”

स्वप्नालीनं मान खाली घातली. “चुकलं आजी. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. त्या दिवशी तुम्ही खिडकीतून काय बघत होता?”

“शेजारच्याची शेळी. दावं तोडून पावसात निघाली, अन् त्यो लुंगी धरून तिच्या मागं. उज्वलाला म्हणलं, बघ बघ. तर ती म्हणती डोकं हलवू नका, तेल डोळ्यात जाईल.” केवळाबाई हसली. तोंडात दोनच दात. “मी हसूनच राहिले होते की फोटोत. दात न्हाईत म्हणून दिसलं नसंल.”

स्वप्नालीनं मोबाईलवर मूळ फोटो उघडला आणि मोठा केला. गालाची घडी, डोळ्यांच्या कडेच्या रेघा. हसणंच होतं ते. निळ्या रंगात तिनं ते थकणं म्हणून वाचलं होतं.

“इथं बरं आहे का आजी?”

“बरं काय न्हाई? दोन टायमाला ताट हातात. पाणी मागितलं की दोन तांबे येतात.” केवळाबाईनं आवाज खाली आणला. “पण चुलीपाशी जाऊ देईनात. काल सुपात तूर घेतली तर मोठ्या सुनेनं हिसकून घेतली. म्हणती, कुणी फोटो काढंल, म्हणंल इथंबी राबवून राहिले. आता हात असे घेऊन बसते बघ.”

तिनं हात मांडीवर ठेवून दाखवले, मोकळे. स्वप्नालीला तिकडं बघवेना.

भुजंग रानातून आला. पाय धुऊन ओसरीवर टेकला. स्वप्नालीनं त्याला सगळं सांगितलं, फोटो दाखवला, उज्वलाचे हात दाखवले. तो फोटोकडं बराच वेळ बघत राहिला.

“मला ठावं हाय उज्वला कशी हाय ते,” तो म्हणाला. “भागवतला मी बोलायला नको होतं. पण ताई, तुमी इंजिनिअर माणूस, मला सांगा. आता मी आईला परत नेऊन घातली तर गाव काय म्हणंल? चार दिवस आणली अन् मिरवली, मग परत धाडली. तवा तर फक्त भागवतचं नाव निघालं, आता दोघांचं निघंल.”

“मग आजींना काय पाहिजे ते विचारू या ना.”

भुजंगनं आईकडं बघितलं. केवळाबाई कोंबडीकडं बघत होती. ती म्हणाली, “मला काय इचारतो? तुमी भाऊ भाऊ बोलून राहिले असते तर मी कुठंबी राहिले असते.”

भुजंगच्या बायकोनं चहा आणला. मग भुजंगच म्हणाला, जरा अवघडून, “तुमी आलाच हायत तर आईचा एक फोटो काढा. हितला. चांगला उजेड हाय आता. अन् खाली दोन ओळी लिहा तसल्याच, पण सुखाच्या. मी ग्रुपवर टाकतो. लोकांची तोंडं बंद होतील.”

उजेड खरंच चांगला होता. सूर्य उसाच्या शेंड्यांवर टेकला होता. ओसरीत तिरपं ऊन आलं होतं आणि केवळाबाईच्या पांढऱ्या केसांच्या कडा पेटल्यासारख्या झाल्या होत्या. सुरकुत्या मऊ दिसत होत्या. मागची शेणानं सारवलेली भिंत सोन्यासारखी. अशा उजेडाचे शब्द स्वप्नालीला झोपेतही आले असते. लांब, सावकाश वाक्य, घर, सावली, परतलेली आई. तिला ते मनात ऐकूही आलं आणि त्याची भीती वाटली.

“फोटो काढते,” ती म्हणाली. “पण लिहीन ते आजी सांगतील तेच.”

केवळाबाईनं विचार केला. तिची नजर भुजंगकडं गेली, सुनेकडं गेली, परत आली. “काही नको लिहू,” ती म्हणाली. “माझं काय सांगायचं ते मी फोटोखाली कशाला सांगू?”

स्वप्नालीनं फोटो काढला. रंगाला हात लावला नाही. तसाच भुजंगला पाठवला, एक शब्द न लिहिता. भुजंगला ते पटलं नाही. तो पायरीवर बसून अंगठ्यानं बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. शेवटची जीप चुकू नये म्हणून ती उठली. केवळाबाई तिच्या कानाशी म्हणाली, “तिला सांग, बाजरी मंद भाज. करपली तर येसर कडू होतो.” मग लगेच म्हणाली, “नको. सांगू नको. मी पाठवलं असं होईल.”

स्वप्नालीनं तरीही सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उज्वलाकडं पोचली, तेव्हा उज्वलाच्या हातात मोबाईल होता. गावच्या ग्रुपवरचा फोटो भागवतकडून तिच्याकडं आला होता. सोनेरी उजेडातली केवळाबाई, स्वच्छ चादर, नवी बाज. खाली भुजंगनं लिहिलं होतं, ‘आई आपल्या घरी सुखात.’

“किती छान दिसून राहिल्यात,” उज्वला म्हणाली. “माझ्याकडं असताना अशा कधी दिसल्या न्हाईत.”

“वहिनी, ते संध्याकाळचं ऊन आहे. त्या वेळी कुणीही तसंच दिसतं.”

“हाव का?”

“त्यांना चुलीपाशी जाऊ देत नाहीत. दिवसभर नुसत्या बसून असतात. तुमची आठवण काढली. बाजरी मंद भाज म्हणाल्या.”

उज्वलानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या दुकानदारावरचा विश्वास उडाला की गिऱ्हाईक जसं त्याच्या मालाकडं बघतं, तसं. “हे त्या म्हणल्या की तुम्हाला फोटोवरून वाटलं?”

“त्याच म्हणाल्या. माझ्या कानात.”

“असंल,” उज्वला म्हणाली आणि मोबाईल पालथा ठेवला. “मी आत्ताच यांना म्हणलं, आत्याबाई तिकडं खूश हायत तर राहू द्या. उगं दोन भावांत मी कशाला येऊ? मी पुढच्या सणाला न्यायला जायचं मनात धरलं होतं. आता न्हाई जात.”

स्वप्नालीनं पुन्हा सांगितलं. शेळीचं सांगितलं, तेल डोळ्यात जाईल ते सांगितलं. शेळीचं ऐकून उज्वला क्षणभर थांबली, कारण ते इतर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. पण मग तिनं मान हलवली. “त्यांचे डोळे बघा की या फोटोत. कसे चमकून राहिलेत.”

उन्हात डोळ्यांना पाणी आलं होतं. स्वप्नालीला ते माहीत होतं, ती समोर होती. पण एवढ्या सुंदर उजेडापुढं तिच्या बोलण्याला वजन नव्हतं, आणि ते का नव्हतं हेही तिला माहीत होतं.

स्वप्नाली अजून अमरेशच्या स्टुडिओसाठी लिहिते. आता ती शूटला स्वतः जाते. मूळ फोटो मागते, कडेला कोण उभं होतं ते विचारते. माणसाच्या तोंडी ‘मी’ घालायचा असेल तर त्याला आधी वाचून दाखवते. अमरेश म्हणतो, “तू लई हळू झालीस.” गिऱ्हाइकं थोडी कमी झाली आहेत. पावसाच्या काचेला आजही ती तुटक वाक्यंच लावते, कारण त्या रंगाला तोच आवाज शोभतो. त्यात तिची चूक नव्हती, असं अमरेश म्हणतो.

सणाच्या आधी उज्वला एकदा स्टुडिओत आली होती. पाकीट नवीन केलं होतं. केवळाबाईचं नाव काढलं होतं, नुसतं ‘घरगुती येसर’. पानासाठीच्या फोटोत येसरची एक वाटी होती. पांढरा कागद, ट्यूबचा उजेड, सावली जवळजवळ नाहीच.

“याला काय लिहायचं?” तिनं विचारलं.

“आजी कधी येणार आहेत?” स्वप्नालीनं विचारलं.

“त्या आता तिकडंच,” उज्वला म्हणाली. “यांचं आणि भावजींचं अजून बोलणं न्हाई.” मग वाटीकडं बोट दाखवून म्हणाली, “साधं लिहा. चव पहिलीसारखी न्हाई राहिली, पण ते नका लिहू.”

स्वप्नालीनं लिहिलं, ‘घरगुती येसर. आजच दळलेला.’ आणि उज्वलाला दोनदा वाचून दाखवलं.